चुकलेला डोस आणि माहेर-सासरची दोन कार्डं

टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो कुठे आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. सकाळी फिरायला येणारे, सायंकाळी मुलांना मोकळ्यावर सोडणारे, सगळेच त्या झाडीला ओळखतात. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने इथे देवीची लस बनवायला सुरुवात केली. वासरांच्या कातडीवर वाढवलेली ती लस बेळगावातून मुंबई इलाख्याच्या गावोगावी जायची. देवी टोचणारे वर्षातून एकदा गावात यायचे, दंडावर ओरखडा उमटायचा आणि बाळाचं लसीकरण बहुतेक तिथेच संपायचं. देवीचा रोग जगातून गेल्याचं 1980 साली जाहीर झालं आणि ती लसही थांबली.

आजच्या बाळाचं एका फेरीत भागत नाही. जन्म, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने अशा पहिल्याच वर्षात पाच फेऱ्या होतात आणि पुढे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आणखी एक. फेऱ्या वाढल्या की एखादी चुकणारच. बेळगाव-निपाणी भागात ती चुकण्याचं एक ठरलेलं कारण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि माहेर पुष्कळदा सीमेपलीकडे, चंदगड, गडहिंग्लज, आजरा किंवा कोल्हापूरकडे असतं. बाळाचे पहिले डोस महाराष्ट्रात होतात आणि पुढचे कर्नाटकात व्हायचे असतात. तिकडे मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड मराठीत, इकडचं तायी कार्ड कन्नडमध्ये. माहेरच्या आशाताईंना वाटतं, बाळ सासरी गेलं, आता तिकडचे लोक बघतील. सासरच्या भागातल्या आशाताईंच्या वहीत मात्र त्या बाळाचं नावच नसतं. कुणीही हयगय केलेली नसते, तरी दोन-अडीच महिने निघून जातात.

मग घरात भीतीचं बोलणं सुरू होतं. आता सगळे डोस पहिल्यापासून घ्यावे लागतील का, उशिरा दिलं तर बाळाला त्रास होईल का, नर्सबाई ओरडतील का. यातला पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर स्वच्छ आहे. राष्ट्रीय वेळापत्रकातल्या कुठल्याही लसीची मालिका उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरू करायची नसते. जिथे थांबली तिथून पुढे न्यायची. शरीराने पहिल्या डोसची ओळख ठेवलेली असते, मध्ये चार आठवडे गेले काय आणि चौदा गेले काय, ती पुसली जात नाही.

हे नीट कळायला वेळापत्रक कसं रचलंय ते पाहावं लागतं. प्रत्येक डोसला तीन गोष्टी चिकटलेल्या असतात. तो कधीपासून देता येतो, आधीच्या डोसनंतर किमान किती अंतर हवं, आणि जास्तीत जास्त कोणत्या वयापर्यंत देता येतो. कार्डावर छापलेली तारीख ही या तिन्हींचा मेळ घालून काढलेली सर्वांत लवकरची सोयीची तारीख असते. ती उलटली म्हणजे दार बंद झालं, असं फार थोड्या डोसांच्या बाबतीत घडतं.

किमान वयाचं कारण गोवराच्या लसीत स्पष्ट दिसतं. आईच्या रक्तातून बाळाला मिळालेली गोवराविरुद्धची प्रतिपिंडं पहिले काही महिने टिकतात. ती अंगात असताना लस दिली तर लसीतला दुबळा केलेला विषाणू वाढण्याआधीच मारला जातो आणि बाळाचं शरीर काही शिकत नाही. म्हणून गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, तेव्हा साथीच्या वस्त्यांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस देण्याची सूचना निघाली होती. पण तो डोस हिशेबात धरायचा नव्हता; त्या बाळांना नऊ महिन्यांचा आणि सोळा महिन्यांचा नेहमीचा डोस घ्यायचाच होता. वयाच्या आधी दिलेली लस साथीत आधार देते, पण वेळापत्रकातला डोस म्हणून ती मोजली जात नाही.

किमान अंतराचंही तसंच. पेंटाच्या दोन डोसांत निदान चार आठवडे हवेत. पेंटा म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब या पाच दुखण्यांची एकत्र लस. पहिल्या डोसने जागं झालेलं शरीर शांत होऊन दुसऱ्याला नीट प्रतिसाद देईल इतका तो अवधी असतो. प्रवासाची घाई आहे म्हणून तीन आठवड्यांतच पुढचा डोस उरकून घेण्याचा आग्रह काही घरांत होतो. अशा डोसचा विचार करण्यापेक्षा बाळ पोहोचेल त्या गावी चौथ्या आठवड्यानंतर तो घेणं केव्हाही बरं. अंतर वाढलं तर चालतं, घटलं तर चालत नाही, एवढं डोक्यात पक्कं असलं की निम्मा गोंधळ मिटतो.

पण अंतर वाढलं तर चालतं, याचा अर्थ सवडीने घेतलं तरी चालतं, असा कुणी काढू नये. उशिराने मालिकेचं नुकसान होत नाही. मधल्या काळात बाळ उघडं राहतं, हे खरं नुकसान आहे. डांग्या खोकला मोठ्या माणसाला आठवडेच्या आठवडे नुसता खोकत ठेवतो, पण तीन-चार महिन्यांच्या बाळाचा श्वासच त्यात थांबू शकतो. रोटा विषाणूचा जुलाबही लहान वयातच जास्त घातक असतो. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या फेऱ्या एवढ्या जवळजवळ ठेवल्यात त्या याच धोक्याच्या महिन्यांसाठी.

आता एक बाळ उदाहरणादाखल घेऊ आणि त्याच्या तारखा प्रत्यक्ष मांडून पाहू.

समजा, आई टिळकवाडीची सून आणि बाळंतपण गडहिंग्लजला माहेरी. बाळ 3 मार्च 2025 ला झालं. दवाखान्यातून निघण्याआधीच बीसीजी, हिपॅटायटिस बीची जन्माची मात्रा आणि पोलिओचे शून्य डोसचे थेंब झाले. सहा आठवडे 14 एप्रिलला पूर्ण झाले, पण त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून 17 एप्रिलच्या गुरुवारी फेरी झाली. तोंडाने पोलिओचे आणि रोटाचे थेंब, डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोकोकल म्हणजे पीसीव्ही, आणि उजव्या दंडावर कातडीत पोलिओची छोटी टोचणी, आयपीव्ही. पुढची तारीख कार्डावर लिहिली 15 मे. मे महिन्यात आई-बाळ सासरी आले. बाळाला सर्दी झाली, मग घरात लग्न निघालं, मग पाऊस लागला, आणि कार्ड माहेरच्या कपाटातच राहिलं होतं. बाळ लसीकरणाला आलं ते 24 जुलैला. तेव्हा ते वीस आठवड्यांचं झालं होतं.

त्या दिवशी काय द्यायचं? पेंटाचा, पोलिओ थेंबांचा आणि रोटाचा दुसरा डोस तर आहेच. पण नुसतं तेवढ्यावर थांबलं तर एक संधी हातची जाते. पीसीव्ही आणि आयपीव्ही यांचा दुसरा डोस साडेतीन महिन्यांच्या फेरीतला असतो आणि पहिल्यापासून निदान आठ आठवडे व्हावे लागतात. 17 एप्रिलपासून आठ आठवडे 12 जूनलाच पूर्ण झाले आणि वयही साडेतीन महिन्यांच्या पुढे गेलं. म्हणजे तेही दोन्ही 24 जुलैलाच देता येतात. त्या दिवशी बाळाला तीन सुया आणि दोन प्रकारचे थेंब मिळतील. पुढची फेरी चार आठवड्यांनी, 21 ऑगस्टला. तिच्यात उरतं फक्त पेंटा, पोलिओ थेंब आणि रोटा यांचा तिसरा डोस. ठरल्या वेळेने हे सगळं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आटोपलं असतं; दहा आठवडे मागे पडलेलं बाळ दोन फेऱ्यांत रांगेत आलं.

इथून पुढे वेळापत्रक नेहमीसारखं. 3 डिसेंबरला नऊ महिने पूर्ण होतात. त्यानंतरच्या लसीकरणाच्या दिवशी उजव्या दंडावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, डाव्या दंडावर आयपीव्हीचा तिसरा डोस आणि अ जीवनसत्त्वाचं औषध. आयपीव्हीचा हा तिसरा डोस जानेवारी 2023 पासून वेळापत्रकात आला. थोरल्या भावंडाच्या जुन्या कार्डात तो नसतो, म्हणून तेच कार्ड समोर ठेवून धाकट्याचा हिशेब करणाऱ्या घरांत तो नेमका राहून जातो. जुलै 2026 मध्ये सोळा महिने झाले की गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्याच्यासोबत त्रिगुणी व पोलिओ थेंबांचे बूस्टर. त्रिगुणीचा बूस्टर पेंटाच्या तिसऱ्या डोसनंतर निदान सहा महिन्यांनी द्यायचा, आणि इथे तर जवळजवळ अकरा महिने झालेले असतील.

एकाच दिवशी तीन सुया ऐकून आजी-आजोबांचा जीव खालीवर होतो. एक आज द्या, एक पुढच्या आठवड्यात, अशी विनंती नर्सबाईंना रोज ऐकावी लागते. या लसी वेगवेगळ्या जागी एकाच दिवशी देणं सुरक्षित आहे आणि कार्यक्रमाची तीच पद्धत आहे. फेऱ्या वाढवल्या की बाळाचं रडणं कमी होत नाही, राहून जाणारे डोस तेवढे वाढतात.

वरची मर्यादा मात्र काही लसींना खरोखर आहे आणि ती पालकांना ठाऊक असायला हवी. हिपॅटायटिस बीची जन्माची मात्रा पहिल्या चोवीस तासांत द्यायची, पोलिओचा शून्य डोस पंधरा दिवसांच्या आत. या राहिल्या तर नंतर भरून काढत नाहीत, पण पुढे पेंटातून आणि थेंबांतून संरक्षण सुरू होतं. आईलाच हिपॅटायटिस बी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ते पहिले चोवीस तास फार मोलाचे असतात आणि बाळंतपणाआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं लागतं. बीसीजी वर्षाच्या आत केव्हाही देता येते. रोटा आणि पीसीव्ही यांचा पहिला डोस वर्षाच्या आत पडायला हवा. तो पडला असेल तर उरलेले नंतरही पूर्ण करतात. पेंटालाही हाच नियम आहे. वर्ष उलटेपर्यंत पेंटाचा एकही डोस झालेला नसेल तर सरकारी नियमावलीप्रमाणे त्याऐवजी त्रिगुणीचे तीन डोस चार-चार आठवड्यांनी देतात, आणि त्रिगुणी सात वर्षांपर्यंत देता येते. गोवर-रुबेला आणि पोलिओचे थेंब पाच वर्षांपर्यंत. म्हणून वर्षाच्या आतले पहिले डोस राहिलेल्या अकरा महिन्यांच्या बाळाचे आई-वडील पुढच्या महिन्यात बघू म्हणत असतील, तर त्यांनी तो विचार सोडून याच आठवड्यात जावं.

उशिराच्या कारणांत सगळ्यांत जास्त ऐकू येणारं कारण म्हणजे बाळाला बरं नव्हतं. साधी सर्दी, खोकला, किरकोळ ताप, थोडे पातळ जुलाब यांत लस थांबवायची गरज नसते. बाळ कमी वजनाचं असेल, दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तरी दीड महिना जन्मतारखेपासूनच मोजायचा. थांबायचं ते जोराचा ताप असताना किंवा दवाखान्यात भरती करण्याइतकं आजारपण असताना, तेही बरं होईपर्यंतच. आधीच्या डोसनंतर अंगावर गांधी उठून श्वास कोंडण्यासारखी तीव्र अॅलर्जी झाली असेल, झटके येऊन शुद्ध हरपली असेल, किंवा बाळाच्या प्रतिकारशक्तीतच जन्मजात दोष असेल, तर पुढचा निर्णय बालरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येणं, मांडी दुखणं, बाळ किरकिरणं हे अपेक्षितच आहे. त्यासाठी पॅरासिटामॉलचं औषध वजनाप्रमाणे किती द्यायचं ते निघतानाच विचारून घ्यावं. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबवतात ते तीव्र अॅलर्जी आली तर ती याच वेळात दिसते म्हणून. रिक्षा उभी आहे म्हणून तो अर्धा तासही टाळू नये.

या जिल्ह्यात लसीची भीती हा विषय नुसत्या अफवांचा नाही. जानेवारी 2022 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाची लस घेतल्यानंतर तीन बालकं दगावली. प्राथमिक चौकशीत कुप्या योग्य ठिकाणी परत न नेता एका हॉटेलच्या फ्रीजमध्ये ठेवल्या गेल्याचं पुढे आलं आणि निलंबनाची कारवाई झाली. त्या घरांचं दुःख कुठल्याही खुलाशाने भरून येणारं नाही. मात्र दोष कशात होता हे समजून घेतलं तर पालकांना पुढे काय पाहायचं ते कळतं. गोवर-रुबेलाची लस पूड स्वरूपात येते, तिच्यासोबतच्या द्रावणात ती मिसळली की चार तासांत संपवायची आणि उरलेली टाकून द्यायची. तिच्यात जंतू वाढू न देणारं द्रव्य नसतं. मिसळलेली कुपी जास्त वेळ राहिली आणि तिच्यात जंतू शिरले तर पुढच्या बाळाच्या अंगात विषच जातं. बीसीजीलाही हाच चार तासांचा नियम आहे. पेंटाची द्रवरूप कुपी मात्र थंड साखळीत नीट ठेवली तर उघडल्यावर अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येते.

म्हणून गोवर-रुबेला किंवा बीसीजी घेताना पालकांनी नर्सबाईंना निःसंकोच विचारावं, कुपी किती वाजता उघडली? मिसळण्याची वेळ कुपीवर लिहायचीच असते. कुप्यांवर एक छोटा गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लसीला मर्यादेबाहेर उष्णता लागलेली नाही, दोन्हींचा रंग सारखा झाला असेल किंवा चौकोन जास्त गडद असेल तर ती लस वापरायची नाही. सुई-सिरिंज आपल्यासमोर पाकिटातून फोडली पाहिजे. चांगल्या नर्सबाईंना असे प्रश्न खटकत नाहीत, त्या स्वतःच कुपी वर धरून दाखवतात. याच चार तासांच्या नियमामुळे काही ठिकाणी या दोन लसींसाठी ठराविक दिवशी बोलावतात. एका बाळासाठी दहा डोसांची कुपी फोडली तर नऊ वाया जातात. तेव्हा आज नाही, गुरुवारी या, असं ऐकावं लागलं तर तो वार लिहून घ्यावा आणि चुकवू नये.

आता कार्डांचा प्रश्न. केंद्राचं वेळापत्रक दोन्ही राज्यांत एकच आहे. जपानी मेंदूज्वराची लस तेवढी निवडक जिल्ह्यांतच देतात. गडहिंग्लजचा पेंटा आणि बेळगावचा पेंटा यांत फरक नाही, आणि सरकारी केंद्रावर लस फुकट मिळायला त्या राज्याचं आधार किंवा रेशन कार्ड लागत नाही. माहेरचं कार्ड कन्नड वाचणाऱ्या नर्सबाईंसमोर ठेवलं तरी तारखा आणि लसींची नावं कळतातच, कारण रकाने एकाच क्रमाने असतात. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात आशाताईंना गाठून बाळाचं नाव इथल्या यादीत घालून घ्यावं आणि जुन्या कार्डावरच्या तारखा तायी कार्डात उतरवून घ्याव्यात. तेवढ्यावरही न थांबता दोन्ही कार्डांच्या प्रत्येक पानाचा फोटो आई आणि वडील दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. यू-विन या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर मोबाइल क्रमांकाने नोंदणी असेल तर देशात कुठेही डोस घेता येतो आणि आधीची नोंदही तिथे दिसते. पण माहेरी नोंदवताना आईच्या भावाचा नंबर दिलेला असतो आणि सासरी शोधताना नवऱ्याचा टाकतात, मग काहीच सापडत नाही. कुठला नंबर दिला ते कार्डावरच लिहून ठेवावं.

कार्ड हरवलंच तर माहेरच्या उपकेंद्राला फोन करावा. डोसांची नोंद त्यांच्या वहीतही असते. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असेल तर ती झाली. व्रण उमटला नाही म्हणून पुन्हा टोचायचं मात्र कारण नाही. बाकी डोसांबद्दल लेखी काहीच मिळत नसेल तर आजीच्या आठवणीवर विसंबू नये. झाला की नाही अशी शंका असलेला डोस न झालेला धरून पुढे जाणं सुरक्षित असतं, कारण एखादा डोस जास्त झाला तर फारसं बिघडत नाही, राहून गेला तर बिघडतं.

टिळकवाडी, हिंदवाडी भागात पुष्कळ घरं खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे लस घेतात. तिथे पेंटाच्या जागी सहा रोगांची एकत्र लस दिलेली असते आणि तिच्यात आयपीव्हीही येते. मधूनच सरकारी केंद्रावर जायचं झालं तर कुपीवरचं चिकटपत्र लावलेलं खाजगी पुस्तक सोबत न्यावं, म्हणजे काय झालं आणि काय उरलं याचा हिशेब एकाच नजरेत लागतो.

निपाणी, चिकोडीकडे हिवाळ्यात ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांची बाळं या सगळ्याच्या बाहेर राहतात. नेमक्या नऊ महिन्यांच्या गोवराच्या वेळी ती खोपीत असतात आणि कार्ड गावी मराठवाड्यात. शेजारच्या फडावर असं बाळ दिसलं तर गावच्या आशाताईंना सांगण्याइतकं काम कुणालाही जमण्यासारखं आहे. बाळाचं वय सांगितलं तरी पुरतं, बाकीचं त्या बघतात.

आपल्या घरी पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर आज त्याचं कार्ड काढा आणि रिकामा रकाना दिसतो का पाहा. दिसला तर येत्या लसीकरणाच्या दिवशी, असतील ती सगळी कार्डं घेऊन जवळच्या केंद्रावर जा आणि परत निघण्याआधी पुढची तारीख लिहून घ्या.